देणग्यांवर चालणाऱ्या वृद्धाश्रमाचं बजेट: वर्षातला सर्वांत खोल खड्डा आधी मोजा

प्रश्न: आमच्या ट्रस्टच्या वृद्धाश्रमात ३० आजी-आजोबा आहेत. जवळजवळ सगळा खर्च देणग्यांवर चालतो. पितृपक्षात आणि मार्चमध्ये भरपूर पैसे येतात, बाकीच्या महिन्यांत पगाराचीही ओढाताण होते. अशा वेळी बजेट बसवायचं तरी कसं?

उत्तर:

मी एका वृद्धाश्रमाच्या ट्रस्टची खजिनदार आहे. तुमच्याएवढ्याच आश्रमाचे नमुन्याचे आकडे घेऊन सांगते. त्या जागी तुमचे आकडे घाला, रीत तीच राहील.

आधी महिन्याचा न टळणारा खर्च काढा. सहा मावशी, दोन स्वयंपाकी, एक नर्स, व्यवस्थापक, सफाईवाली आणि रात्रीचा वॉचमन यांचे पगार मिळून दीड लाख धरू. ३० आजी-आजोबा आणि तिथेच जेवणारे सहा कर्मचारी अशा ३६ माणसांचा किराणा, भाजी, दूध माणशी रोज १०० रुपये धरलं तर १ लाख ८ हजार. वीज, गॅस आणि पाणी ३२ हजार. औषधं आणि डॉक्टरांची भेट २५ हजार. आठ जण अंथरुणाला खिळलेले असतील, प्रत्येकाला रोज तीन डायपर लागत असतील आणि एक ३० रुपयांना पडत असेल, तर तेच २१,६०० होतात. किरकोळ दुरुस्त्या, गाडी, फोन आणि ऑडिट मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास. बेरीज साडेतीन लाख, म्हणजे वर्षाला ४२ लाख.

आता जमेची खात्रीची बाजू. दहा कुटुंबं महिन्याला सहा हजार देतात असं समजा, आणि ८० देणगीदार दरमहा ५०० रुपये बँकेतून परस्पर पाठवतात. हा झाला एक लाख. राहिलेले अडीच लाख दर महिन्याला अनियमित देणग्यांतून यायला हवेत, वर्षाचे ३० लाख.

इथे बहुतेक ट्रस्ट वर्षभराच्या देणग्यांना बारानं भागतात, अडीच लाख सरासरी आली की बजेट जुळलं म्हणतात. कागदावर ते जुळतंही. पण देणग्यांचा महिन्यावारी क्रम मांडून बघा. एप्रिल आणि मे दीड-दीड लाख, जून १.२, जुलै १, ऑगस्ट १.३. शाळांच्या फिया आणि पेरणी याच काळात असते, लोकांचेही हात आखडलेले असतात. मग सप्टेंबरात पितृपक्ष आला की ५, ऑक्टोबरात दिवाळीचे साडेतीन, नोव्हेंबर ते जानेवारी अडीच-अडीच, फेब्रुवारी दीड, आणि मार्चमध्ये करसवलतीच्या धावपळीत ६. बेरीज बरोबर ३० लाख.

प्रत्येक महिन्याच्या आकड्यातून अडीच लाख वजा करा आणि तूट पुढे ओढत न्या. एप्रिलअखेर एक लाख कमी, मेअखेर दोन, जूनअखेर ३.३, जुलैअखेर ४.८ आणि ऑगस्टअखेर पूर्ण सहा लाख. तिथून आकडा वर चढू लागतो आणि ३१ मार्चला शून्यावर येतो. म्हणजे ज्या वर्षी जमा-खर्च रुपयाला रुपया जुळतो, त्याही वर्षी १ एप्रिलला तुमच्या हातात सहा लाख असायला हवेत. नाहीतर जुलै-ऑगस्टात किराणावाल्याची उधारी आणि पगाराची लांबण अटळ आहे. तुमच्या ओढाताणीचं मूळ बहुधा हेच असावं: देणग्या कमी पडत नसतील, वर्षाच्या सुरुवातीला गंगाजळी नसेल.

या आकड्याला पंचांगाचीही एक अडचण आहे, आणि तिची दखल फार कमी ट्रस्ट घेतात. पितृपक्ष दरवर्षी एकाच तारखांना येत नाही. २०२५ मध्ये तो ७-८ सप्टेंबरला सुरू झाला. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे तो २७ सप्टेंबरला सुरू होऊन १० ऑक्टोबरला संपतो. त्या वर्षी सप्टेंबरचे पाच लाख जवळजवळ सगळे ऑक्टोबरात सरकतात, सप्टेंबर ऑगस्टसारखाच १.३ लाखांचा जातो आणि खड्डा सहावरून ७.२ लाखांवर जातो. अधिक मासात दानधर्म करणारे लोक मे-जूनमध्ये थोडी भर घालतात, पण तिच्या भरवशावर राहू नका. म्हणून या आश्रमासाठी मी सहा नाही, साडेसात लाखांची गंगाजळी धरेन.

ती आणायची कुठून? देणगी जास्त आली की बाजूला टाकू, असं ठरवलं तर ती कधीच साठत नाही. जास्त आलेल्या पैशांना वॉटर हीटर, रंगकाम, नव्या खाटा असे वाटेकरी लगेच उभे राहतात. ती खर्चाच्या बाजूला पगाराच्या खालची ओळ म्हणून लिहा. तीन वर्षांत साडेसात लाख म्हणजे महिन्याला सुमारे २१ हजार. वर्षाला हे अडीच लाख होतात, त्यामुळे प्राप्तिकराच्या नियमातही बसतात: नोंदणीकृत धर्मादाय संस्थेनं उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम संस्थेच्या कामावर लावायची असते, उरलेले १५ टक्के विनाअट मागे ठेवता येतात. ४२ लाखांवर १५ टक्के म्हणजे ६.३ लाख. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोठी रक्कम आली आणि ८५ टक्क्यांचं गणित चुकायला लागलं, तर ती पुढच्या वर्षी वापरण्याचा पर्याय घेता येतो. मात्र त्यासाठीचा फॉर्म मुदतीत भरावा लागतो, म्हणून सीएशी एप्रिलमध्येच बोला. आणि बिल खात्यात नोंदवून पैसे न देणं हा उपाय नाही, कारण प्रत्यक्ष दिलेली रक्कमच त्या ८५ टक्क्यांत मोजली जाते.

गंगाजळी बचत खात्यात पडू देऊ नका, तीन-चार लहान मुदत ठेवींत ठेवा, म्हणजे जूनमध्ये एकच मोडता येते. ठेवींना विमा संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच आहे, त्यामुळे साडेसात लाख दोन बँकांत विभागा. पतसंस्थेच्या ठेवींना हे संरक्षण नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी आजी-आजोबांच्या जेवणाचे पैसे तिथे ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. खात्यात पैसे दिसतात, तरी ते पगाराला वापरता येत नाहीत. पितृपक्षातल्या पाच लाखांपैकी चार लाख अन्नदानासाठी म्हणून आलेले असतात असं धरा. उरलेला एक लाख मोकळा, त्यात महिन्याचा खात्रीचा एक लाख, म्हणजे दोन लाख. आणि अन्न सोडून महिन्याचा खर्च आहे २ लाख ४२ हजार. वर्षातल्या सर्वांत भरलेल्या महिन्यांपैकी एकात पगाराला ४२ हजार कमी पडले! देणगीदारानं अन्नासाठी दिलेला रुपया नर्सच्या पगाराला लावणं चूक आहे, ऑडिटमध्येही ते उघडं पडतं.

म्हणून रोकड वहीत दोन रकाने करा, मोकळी शिल्लक आणि ठरावीक कामाची शिल्लक, आणि विश्वस्तांच्या सभेत दोन्ही आकडे वेगवेगळे वाचा. मग पावतीवरचे शब्द बदला. ‘पितृपक्षानिमित्त अमुक दिवसाचं जेवण’ अशी पावती फाडली, की त्याच दिवशी गोडधोड करून पैसे संपवायचे. एकाच दिवशी तीन देणगीदार आले तर मधुमेही आजोबांसमोर तीन पक्वान्नं येतात. ‘अन्नदान निधी’ अशी पावती दिली, आणि देणगीदाराला तसं आधी सांगितलं, तर तेच चार लाख जवळजवळ चार महिन्यांचा किराणा भागवतात. तिथीच्या दिवशी फळ्यावर नाव लिहा, आजी-आजोबांना सांगून प्रार्थना करा, बहुतेक कुटुंबांना तेवढंच हवं असतं.

त्याहून चांगलं म्हणजे जेवणाऐवजी ‘आश्रमाचा एक दिवस’ मागा. साडेतीन लाख आणि गंगाजळीचे २१ हजार यांना तीसनं भागलं की १२,३६६ येतात, १२,५०० ठेवा. त्यात जेवण आहे, मावशींची रात्रपाळी आहे, डायपर आहे, वीज आहे, आणि हे पत्रकावर स्पष्ट लिहा. ही रक्कम मोकळी असते. एका कुटुंबाला जड वाटली तर भावंडं मिळून देतात, किंवा अर्धा दिवस घेतात. पितृपक्षात येणाऱ्यांना आईवडिलांचा वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस विचारून जून-जुलैतल्या तारखा आवर्जून सुचवा, खड्डा तिथेच आहे. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही आणि वस्तूंवर ती अजिबात नसते, हे पावती फाडण्याआधी सांगा. नंतर कळलं की माणूस दुखावतो आणि पुन्हा येत नाही.

वस्तूंबद्दल थोडक्यात. जी वस्तू आल्यामुळे खरेदी टळते तेवढीच बजेटमध्ये धरा. डायपर, अंडरपॅड, हातमोजे आणि फिनाईल यांची यादी दारावर लावा. तांदूळ-गहू आपोआप येतात.

खर्च दरवर्षी थोडा वाढवून धरण्याची पद्धत इथे पुरत नाही, कारण वृद्धाश्रमात महागाईइतकाच वयाचाही भार वाढतो. आज खिळलेले आठ आहेत, दीड वर्षात ते बारा झाले तर डायपरचे १०,८०० आणि एका जास्तीच्या मावशीचे १२ हजार, महिन्याला २२,८०० वाढले. एकही नवा माणूस आलेला नाही. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये नर्सबरोबर बसून कोण चालतं, कोणाला आधार लागतो, कोण खिळलं आहे, याची यादी करा आणि आकडा तिच्यावरून काढा.

कर्ज काढून जुलै भागवण्याचा विचार असेल तर थांबा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला उसने पैसे घेण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते.

धोका आधी कळण्यासाठी प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला एवढंच करा. साडेसात लाखांतून त्या वेळेपर्यंतची अपेक्षित तूट वजा करा: १ जूनला शिल्लक साडेपाच लाख हवी, १ जुलैला ४.२, १ ऑगस्टला २.७. १ जुलैला प्रत्यक्षात ३.२ निघाले, तर एक लाखाची उणीव तुम्हाला खड्ड्याच्या दोन महिने आधी कळली. त्या दिवशी दुरुस्त्या पुढे ढकला, गेल्या पितृपक्षातल्या देणगीदारांना फोन करा, आणि विनाशुल्क नवा प्रवेश ऑक्टोबरपर्यंत थांबवा. आत असलेल्या मावशींचा पगार मात्र लांबवू नका. दोन मावशी सोडून गेल्या तर नव्या मिळेपर्यंत खिळलेल्या माणसांना अंथरुणातल्या जखमा होतात, आणि त्याचा खर्च पगारापेक्षा जास्त येतो.

कायम निधीची घाई करू नका. २० लाखांवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १ लाख ४० हजार मिळतात, म्हणजे महिन्यातून जेमतेम एका दिवसाचा खर्च. त्यासाठी दिलेली रक्कम देणगीदारानं तसं लेखी सांगितलेली असावी लागते आणि ती मोडून पगार देता येत नाही. आधी गंगाजळी पूर्ण करा.