बायसेक्टमध्ये ‘बिघडलेलं’ खरं असतं, ‘चांगलं’ तपासून घ्यावं लागतं

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वीचं बिल्ड नीट चालत होतं, आताचं मधूनच चुकतंय. मधे तीसेक रिलीज झाल्यात. बायसेक्ट करून, म्हणजे दरवेळी मधलं बिल्ड तपासून संशयित रिलीज निम्म्या करत जाऊन, बघितलं तर जी रिलीज दोषी निघाली तिच्यात त्या भागाला कुणी हातच लावलेला नाही. बायसेक्टवर विश्वास ठेवायचा की नाही?

ठेवायचा. पण तुम्ही ज्या बिल्डला ‘चांगलं’ म्हणालात त्यातलं एखादं चांगलं नाहीये. ‘मधूनच चुकतंय’ हे तुमचेच शब्द आहेत आणि सगळी गोम तिथेच आहे. मी हे एवढ्या ठामपणे सांगतोय कारण याच चुकीपायी आमच्या टीममधल्या एका मुलीवर नसता ठपका आला होता आणि त्यावरून माझं आमच्या सरांशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आमचं सॉफ्टवेअर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालतं. उसाची गाडी काट्यावर चढते, काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलवरून सेकंदाला दहाएक रीडिंग पाठवत राहतो, रीडिंग स्थिरावलं की प्रोग्रॅम ते पकडतो आणि पावती छापतो. गळीत हंगाम ऐन भरात असताना तक्रार आली की पावतीवरचं वजन इंडिकेटरवरच्या आकड्यापेक्षा कधीकधी कमी येतंय. फार नाही, पन्नास-शंभर किलो. एका शेतकऱ्याने बाहेरच्या खाजगी काट्यावरची पावती आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि विचारलं, “साहेब, दोन किलोमीटरमध्ये माझा ऊस वाळला का?” आमच्या भागात काटामारी या शब्दावरून मोर्चे निघतात. त्यामुळे आधी काट्यावर ४.११ परत बसवलं, त्या व्हर्जनवर अख्खा मागचा हंगाम एकही तक्रार नव्हती. बिघडलेलं होतं ४.४३. म्हणजे संशयित ४.१२ ते ४.४३, एकूण ३२ रिलीज, पाच पायऱ्यांत उत्तर यायला हवं.

केबलला फाटा काढून दुसऱ्या लॅपटॉपवर तपासायचं बिल्ड चालवलं. खऱ्या पावत्या ४.११ वरून निघत होत्या, आमच्या लॅपटॉपवरचं वजन नुसतं फाइलमध्ये जात होतं. गाडी पूर्ण थांबल्यावर इंडिकेटरचा आकडा मी वहीत लिहायचो आणि फाइलशी ताडून बघायचो. पहिलं बिल्ड मधलं, ४.२७. दुपारची वेळ, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, सर शेजारी उभे. तीन गाड्या झाल्या, तिन्ही आकडे जुळले. सर म्हणाले, “चांगलंय, पुढचं लाव.” मी लावलं.

पुढची बिल्डं मी रात्रपाळीत एकट्याने तपासली, निवांत. ४.३५ वर दुसरीच गाडी चुकली. ४.३१ वर अकरावी चुकली. ४.२९ वर सहावी, ४.२८ वर नववी. झालं, ४.२७ चांगलं आणि ४.२८ बिघडलेलं, दोषी ४.२८. त्या रिलीजमध्ये एकच मोठा बदल होता, पावतीचा नवा मराठी साचा, आणि तो त्या मुलीने केलेला. पावतीच तर चुकतेय, मग दुसरं कोण असणार, असं सरांनी त्याच दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सुनावलं. तिने तीन दिवस साचा उलटासुलटा तपासला. वजनाचा आकडा तिच्या कोडमध्ये यायच्या आधीच ठरलेला असतो हे ती सांगत होती, पण बायसेक्टने दाखवलंय म्हटल्यावर तिचं कोण ऐकतो.

मला झोप लागेना ती त्या अकराव्या गाडीमुळे. ४.३१ वर मी तिसऱ्या गाडीला थांबलो असतो तर तेही ‘चांगलं’ ठरलं असतं. मग ४.२७ ला आम्ही कुठल्या तोंडाने चांगलं म्हणालो? आणि एकदा हे मनात आल्यावर उत्तरांची ओळ बघितली: चांगलं, मग बिघडलेलं, बिघडलेलं, बिघडलेलं, बिघडलेलं. ही ओळ ओळखायला शिका. एका ‘चांगलं’ नंतर सगळी ‘बिघडलेलं’ येत गेली आणि शेवटी बोट त्या ‘चांगल्या’ बिल्डच्या लगेच पुढच्यावर येऊन थांबलं, तर आधी त्या ‘चांगल्या’वर संशय घ्यायचा. चुकीचं ‘चांगलं’ म्हटलं की खरा दोषी शोधाच्या बाहेर पडतो, उरलेल्या अर्ध्यात सगळंच बिघडलेलं असतं आणि शोध सरकत सरकत त्या कुंपणाला येऊन टेकतो. (कधीकधी खरं उत्तरही असंच दिसतं, म्हणून संशय म्हणतोय, पुरावा नाही.)

‘बिघडलेलं’ ठरवायला एक चूक दिसली की पुरे. ‘चांगलं’ म्हणजे फक्त ‘अजून चूक दिसली नाही’. किती वेळा दिसली नाही म्हणजे चांगलं, हा आकडा सुरुवात करायच्या आधी काढायचा असतो आणि तो काढण्यासाठी हमखास बिघडलेलं बिल्ड तुमच्या हातात असतंच. मी इंडिकेटरकडून येणारं सगळं रीडिंग ४० गाड्यांसाठी जसंच्या तसं फाइलमध्ये टिपलं आणि ते ४.४३ ला चारलं. ४० पैकी ५ गाड्या चुकल्या. म्हणजे आठात एक. आता एक गाडी बरोबर येण्याची शक्यता सातअष्टमांश, तिन्ही बरोबर येण्याची त्याचा घन, म्हणजे ६७ टक्के. बिल्ड बिघडलेलं असूनही तीन गाड्यांत ते आम्हाला चांगलं वाटण्याची शक्यता दोनतृतीयांश होती! ही शक्यता ५ टक्क्यांखाली आणायला २३ गाड्या लागतात, १ टक्क्याखाली आणायला ३५. तुमचा बग वीसात एकदा येत असेल तर ५ टक्क्यांसाठीच ५९ वेळा चालवावं लागेल.

पण रीडिंग टिपल्यावर त्याहून मोठा फायदा झाला. तीच ४० गाड्यांची फाइल प्रत्येक बिल्डला चारता येऊ लागली, त्यामुळे नशिबाचा भागच संपला. त्याच पाच गाड्या प्रत्येक वेळी चुकायच्या, नाहीतर एकही नाही. मधूनच येणारा बग असा पकडून हमखास येणारा करता आला तर त्यात गेलेला एक दिवस वाया जात नाही. जमत नसेल तर वरचा हिशोब आहेच.

परत सुरुवात केली. आधी ४.११ ला फाइल चारली, चाळीसही बरोबर. ४.२७: पाच चुकल्या. मग ४.१९ चांगलं, ४.२३ चांगलं, ४.२५ बिघडलेलं, ४.२४ चांगलं. दोषी ४.२५. पाच पायऱ्या, अर्ध्या तासाचं काम. त्या रिलीजमध्ये १४ कमिट होते, तिथे मशीनलाच कामाला लावलं:

```
git bisect start v4.25 v4.24
git bisect run ../tapas.sh
```

आणि `tapas.sh` एवढीच:

```
#!/bin/sh
make || exit 125
./replay ../gadya40.log > ../aale.txt || exit 125
cmp -s ../aale.txt ../barobar.txt
```

१२५ म्हणजे ‘हा कमिट तपासता येत नाही, सोडून दे’. हे विसरलात तर बिल्ड न होणारा कमिटही बिघडलेला धरला जातो आणि परत भलताच दोषी निघतो. स्क्रिप्ट आणि फाइली रेपोच्या बाहेर ठेवल्यात, नाहीतर चेकआउटसरशी त्याही जुन्या व्हायच्या.

सापडलं ते असं. जुन्या कोडमध्ये लागोपाठची रीडिंग सारखी आली तर मोजणी एकाने वाढायची, वेगळं आलं तर शून्य व्हायची, आणि सलग पाच जमली की वजन पक्कं. दोन फंक्शनं एकत्र करताना शून्य करणारी `else` ची फांदी गळाली. मग सलग पाच ऐवजी एकूण पाच झाली. ड्रायव्हरने सावकाश थांबवलं तर काही फरक नाही. कचकन ब्रेक मारला की ट्रॉली डुलते, रीडिंग वरखाली होतं, त्यात अधूनमधून दोन सारखी येतातच, आणि गाडी डुलत असतानाच मोजणी पाचवर पोचते. इंडिकेटर २४,३८० वर स्थिरावायच्या आत पावतीवर २४,२९०. तो बदल तपासून पास केलेला होता, आणि पास करणारा मी होतो. हे मी टीममध्ये सांगितलं आणि त्या मुलीची सगळ्यांसमोर माफीही मागितली.

सरांनी यातून काढलेला अर्थ मात्र असा, की बायसेक्ट बेभरवशाचं आहे. चेंजलॉग वाचायचा, ज्या बदलावर संशय येईल तो उघडायचा, अनुभवाने कळतं. मला हे अजिबात मान्य नाही. ४.२५ च्या चेंजलॉगमध्ये त्या बदलाची नोंद ‘किरकोळ साफसफाई’ अशी होती, तो वाचून कुणालाही संशय आला नसता. पावती चुकते म्हणून पावतीचा साचा, हा अनुभवच तर त्या मुलीच्या मुळावर आला. बायसेक्टला आपण जे सांगतो तेच ते धरून चालतं, आणि आम्ही त्याला तीन गाड्यांवर खोटं सांगितलं होतं.

आता तुमच्याबद्दल, थोडक्यात. जुनं चांगलं बिल्ड आज, त्याच मशीनवर, परत चालवून बघा. तेही चुकलं तर दोष रिलीजमध्ये नाही, बाहेर काहीतरी बदललंय आणि बायसेक्ट करण्यात अर्थ नाही. डेटाबेस असेल तर प्रत्येक बिल्डला मूळची कोरी प्रत द्या, कारण नव्या बिल्डने टेबलं बदलली की जुनं बिल्ड त्यावर भलत्याच कारणाने आपटतं. बग मधे एकदा दुरुस्त होऊन परत आला असेल तर बायसेक्ट त्या दोन बिघाडांपैकी कुठलाही एक दाखवेल, ही त्याची खरी मर्यादा आहे. कोडचा इतिहास git मध्ये असेल तर सगळं पहिल्यापासून करू नका. `git bisect log` फाइलमध्ये घ्या, चुकीच्या ‘good’ पासून खालचं काढून टाका आणि `git bisect replay` ला ती फाइल द्या, तिथूनच पुढे जाता येतं.

आणि आज एकच करायचं असेल तर तुमच्या दोषी रिलीजच्या लगेच अलीकडचं, तुम्ही चांगलं ठरवलेलं बिल्ड परत लावा आणि तुमच्या हिशोबाने येतील तेवढ्या वेळा चालवा. ज्याचं नाव त्या रिलीजवर आहे त्याला बोलवायच्या आधी.