शिक्षणाचा रकाना उघडण्याआधीच निम्मं लग्न ठरलेलं असतं

प्रश्न: शिकलेली मुलं-मुली शिकलेल्यांशीच, आपल्यासारख्याच घरातल्यांशी लग्न का करतात? लव्ह मॅरेजमध्येसुद्धा तेच दिसतं. याचा समाजावर खरंच काही परिणाम होतो का? (मी निपाणीकडचा आहे.)

मी बेळगावात कॉलेजमध्ये संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर दर रविवारी आमच्या मराठा समाजाच्या वधू-वर सूचक केंद्रात फायली बघायला बसते. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी दिसतो, टेबलावरच्या फॉर्ममधून आणि आकड्यांमधूनही.

आधी एक फाइल सांगते. शहापूरची मुलगी, कॉम्प्युटर इंजिनिअर, पुण्यात नोकरी. आईवडील स्थळ बघायला आले तेव्हा मुलांच्या साधारण तीनशे फायली होत्या. वयात पाच वर्षांपेक्षा जास्त अंतर नको म्हटल्यावर त्या निम्म्यावर आल्या. देवक एक निघालं, पत्रिका जुळली नाही, म्हणून आणखी बऱ्याच गेल्या. मग उंची. मग वडील म्हणाले, "घरी शेती असली तर चालते की, पण मुलगा पुण्यात नाहीतर बेंगळूरला नोकरीत पाहिजे." शेवटी चौदा फायली उरल्या आणि त्यातले बारा जण इंजिनिअर होते. "इंजिनिअरच हवा" असं कोणी म्हटलंच नव्हतं. शिक्षणाचा रकाना मी तोवर उघडलाही नव्हता.

तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या चौदा फायलींत आहे. माणूस जोडीदार निवडतो हे खरं, पण समोर आलेल्यांतूनच निवडतो, आणि समोर कोण येणार हे आधीच्या चाळण्या ठरवतात. आमच्या केंद्रात पहिली चाळणी जातीची. ती कोणी बोलून दाखवत नाही, कारण दार उघडून आत येतानाच ती लागलेली असते. भाषेचंही तेच. खानापूरचं स्थळ चालतं, चंदगड-गडहिंग्लजचं चालतं, राज्य बदललं तरी हरकत नसते. पण चार किलोमीटरवरच्या कन्नड घराचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. १९५६ साली राज्यांची सीमा आखली गेली, पण सोयरिकीची सीमा तिच्या कितीतरी आधीपासून आहे आणि ती नकाशावरच्या रेषेवरून जात नाही.

जात किती घट्ट धरलेली आहे, यावर अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आहे. त्यांनी बंगाली वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती घेतल्या आणि जाहिरात देणाऱ्यांनी कोणत्या पत्रांना उत्तर दिलं ते तपासलं. त्यातून असं दिसलं की जातीबाहेरचा मुलगा टाळण्यासाठी मुलीकडचे लोक अजिबात न शिकलेला आणि एम.ए. झालेला यांच्यामधला सगळा फरक सोडून द्यायला तयार होते. पण प्रत्यक्षात कोणाला तसं काही सोडावं लागत नाही, कारण प्रत्येक जातीत शिकलेली मुलं-मुली आहेतच. जात सांभाळूनही हवं ते शिक्षण मिळतं. म्हणूनच बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की लोक फक्त शिक्षण बघतात.

आता लव्ह मॅरेज. तिथे चाळणी आईवडील लावत नाहीत, ती अॅडमिशनच्या वेळी लागते. आमच्या सीमाभागात तर ती अगदी डोळ्यांसमोर दिसते. खानापूर तालुक्यातलं पोर दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतं, पी.यू.सी.ला सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत येतं, आणि तिथे बरीच हुशार पोरं मागे पडतात. जी इंजिनिअरिंगच्या किंवा मेडिकलच्या वर्गात पोचतात, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी ट्यूशनचा खर्च झेपणारे पालक असतात. त्या वर्गात बावीसाव्या वर्षी दोघांचं जमलं, तर ते प्रेम खरंच असतं. पण त्या वर्गात कोण बसणार हे पाच-सात वर्षं आधी ठरलेलं असतं. समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाऊ यांचं म्हणणं असंच होतं: कोणाशी गाठ पडते ते मनातल्या आवडीइतकंच आजूबाजूला कोण किती संख्येने आहे यावर ठरतं.

भाषेची आणि जातीची रेघ ओलांडलेलं लग्न मी बघितलंय, तेही अशाच वर्गातून आलेलं. एका मुलीची आई फाइल परत न्यायला आली. "काढून टाका मॅडम, पोरीनं ठरवलंय." मुलगा गोकाककडचा, कन्नड घरातला, दोघं एकाच वर्गातले डॉक्टर. मी विचारलं, त्यांच्या घरचे तयार आहेत का? म्हणाली, "त्याची आई हायस्कूलात टीचर हाय. तीच आधी आली आमच्याकडे." मला नवल वाटलं नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्नं सुमारे पाच-सहा टक्केच निघाली. ती कोणाच्या शिक्षणाने वाढतात हे संशोधकांनी तपासलं, तेव्हा नवरा-बायकोच्या स्वतःच्या शिक्षणाचा फारसा संबंध दिसला नाही, मुलाच्या आईच्या शिक्षणाचा दिसला. मुलीला शिकवलं तर फरक पडतोच, पण तो पुष्कळदा ती सासू होते तेव्हा पडतो.

आता आकड्यांकडे येते, कारण "हल्ली हे फार वाढलंय" असं सगळेच म्हणतात आणि तिथेच फसगत होते. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे मनाने घेते. समजा, जुन्या पिढीत शंभर जोडपी. नवऱ्यांत वीस पदवीधर, बायकांत दहा. दोघंही पदवीधर अशी आठ जोडपी आणि दोघंही पदवीधर नाहीत अशी अठ्ठ्याहत्तर. म्हणजे शंभरातली शहाऐंशी जोडपी सारख्या शिक्षणाची. आता याच माणसांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून डोळे मिटून जोड्या लावल्या असत्या तर? तरीही चौऱ्याहत्तर जोड्या सारख्या शिक्षणाच्या निघाल्या असत्या, कारण पदवीधर मुळातच थोडे होते.

नव्या पिढीत समजा निम्मे पुरुष आणि निम्म्या बायका पदवीधर आहेत. दोघंही पदवीधर एक्केचाळीस, दोघंही नाहीत अशी एक्केचाळीस, म्हणजे सारखी जोडपी ब्याऐंशी. शहाऐंशीवरून ब्याऐंशी, म्हणजे कमी झाली असं कोणी म्हणेल. पण चिठ्ठ्या टाकल्या तर आता पन्नासच जुळल्या असत्या. चिठ्ठीपेक्षा जास्त जुळलेल्या जोड्या आधी बारा होत्या, त्या बत्तीस झाल्या, म्हणून दुसरा कोणी म्हणेल की प्रचंड वाढली.

तिसरी रीत अशी. जुन्या पिढीत पदवीधर पुरुषाला पदवीधर बायको मिळण्याचं प्रमाण आठास बारा, बाकीच्यांना दोनास अठ्ठ्याहत्तर. या दोन प्रमाणांत सव्वीस पटींचा फरक आहे. नव्या पिढीत एक्केचाळीसास नऊ आणि नवास एक्केचाळीस, म्हणजे जवळपास एकवीस पट. या मापाने बघितलं तर लोकांची निवड पूर्वीइतकीच, किंवा किंचित कमी, कडक आहे, बदललं ते पदवीधरांचं संख्याबळ. संशोधकांमध्ये या विषयावर वर्षानुवर्षं जो वाद चालू आहे, त्यातला बराचसा कोणती रीत वापरायची यावरूनच आहे. म्हणून पुढे कोणी "इतके टक्के वाढलं" असं सांगितलं, तर कशाच्या तुलनेत वाढलं ते आधी विचारा.

परिणामांबद्दल. साधा हिशेब असा: दोन माणसं महिना पन्नास हजार कमावतात, दोन बारा हजार. सारख्यांची सारख्यांशी लग्नं झाली तर एका घरात एक लाख येतात, दुसऱ्यात चोवीस हजार. उलटसुलट झाली तर दोन्ही घरांत बासष्ट हजार. पण हा हिशेब दोघंही कमावत असतील तरच चालतो. आमच्याकडे एम.एस्सी. झालेल्या कितीतरी सुना घरी आहेत. तिथे शिकलेल्या बायकोचा पगार घरात येत नाही, तिचं शिक्षण येतं. ती मुलाचा अभ्यास घेते, पहिलीपासून इंग्रजी शाळेत घालते, कोणत्या परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा हे तिला माहीत असतं. म्हणून आपल्याकडे ही दरी पगाराच्या पाकिटापेक्षा पुढच्या पिढीच्या दप्तरातून जास्त वाढते. ज्या घरात दोघंही सातवी शिकलेली आहेत, तिथलं पोर तितकंच हुशार असलं तरी पी.यू.सी.च्या त्या इंग्रजी वर्षात एकटं पडतं.

मला सगळ्यात जास्त बोचतो तो दुसरा परिणाम. मुली शिकल्या, हे फार चांगलं झालं. पण आपल्याहून थोडा जास्त शिकलेला, जास्त कमावणारा मुलगा हवा, ही अपेक्षा तशीच राहिली. मग शेवटी दोन टोकं उरतात: एकीकडे खूप शिकलेल्या मुली, दुसरीकडे शेती करणारी मुलं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून तरुणांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा त्यांनी गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची कडक अंमलबजावणी मागितली. मुलींची संख्या कमी हे एक कारण आहेच. पण आमच्या रजिस्टरमध्ये मुलींच्या फायलींतही बत्तीस-तेहतीस वय दिसू लागलंय. त्या मुली आहेत, ती मुलंही आहेत, आणि दोघांच्या फायली एकमेकींसमोर कधी येत नाहीत.

गेल्या महिन्यात खानापूरकडच्या एक मावशी आल्या होत्या. मुलगा चौतीस वर्षांचा, चार एकर ऊस, दहावी. फॉर्म मीच भरला. "अपेक्षा" पाशी थांबले तर त्या म्हणाल्या, "काही लिहू नका. घराला धरून राहणारी पाहिजे, एवढंच." मग थोडा वेळ गप्प बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण शाळा शिकलेली असली तर बरं व्हतं. नातवंडांचं कोण बघणार?" म्हणजे त्यांनाही शिकलेलीच हवी होती, आणि कशासाठी हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. चि. आणि चि. सौ. कां. यांच्या नावांपुढे कंसात पदवी छापलेली असते. दर दहा वर्षांचे वेगळे गठ्ठे करा, मी वर केलाय तसा चौकोन मांडा आणि चिठ्ठ्यांचा हिशेब लावा. एक काळजी घ्या. जुन्या पत्रिकांत मुलगी पदवीधर असली तरी बऱ्याचदा तिची पदवी छापत नसत, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून दुरुस्ती करावी लागेल. माझ्या स्वतःच्या पत्रिकेत यांच्या नावापुढे बी.कॉम. आहे, माझ्या नावापुढे काहीच नाही. मी तेव्हा एम.एस्सी. झालेली होते.