पावसाळ्यात दर उतरवायचे, की टाळं लावायचं?

*तारकर्लीत आमच्या आठ खोल्या आणि छोटी खाणावळ आहे. मागच्या जुलैत 1,750 दराने महिनाभरात फक्त 34 रात्री भरल्या, त्यातल्या 27 शुक्रवार-शनिवारच्या. कर्जाचा हप्ता 38,000 आहे. यंदा दर 1,250 करून पाहावं, की ऑगस्टपर्यंत बंदच ठेवावं?*

आधी हप्ता बाजूला ठेवा. हॉटेल उघडं असो वा बंद, तो जाणारच. तीन महिन्यांचे 1,14,000 मेच्या गर्दीतच वेगळ्या खात्यात टाकायला हवेत. हिशोब करायचा तो बंद ठेवल्यावर वाचणाऱ्या खर्चाचा. तुमच्याएवढ्या हॉटेलात तो साधारण असा धरतो: आचारी 18,000, दोन मदतनीस 24,000, वीज-गॅस-इंटरनेट 8,000, म्हणजे महिना 50,000.

एका खोलीचा नाश्ता, धुलाई, वीज मिळून रात्रीला 460 जातात. फोनवरून थेट आलेला पाहुणा 1,750 देतो, तेव्हा 1,290 हातात राहतात. तीच खोली बुकिंग ॲपवर 1,250 ला दिली, तर 18 टक्के कमिशन 225 जाऊन उरतात 565. म्हणजे सवलतीतल्या दोन खोल्या मिळूनही जुन्या दराच्या एका खोलीची बरोबरी होत नाही. शिवाय डिसेंबरात तोच पाहुणा जुना दर दाखवून घासाघीस करणार.

मागच्या जुलैसारख्याच 34 रात्री भरल्या, तर 43,860 सुटतील, म्हणजे सहा हजारांची तूट. म्हणून माझं मत: शुक्रवार ते रविवार चालवा. दोन्ही मदतनीस महिन्याला बारा दिवस, प्रत्येकी 500 रोजाने बोलवा, म्हणजे 12,000. बाकी खर्च 5,000 धरा. आचारी मात्र पूर्ण पगारावर ठेवा. पावसात सोडलेला आचारी गोव्यात रुजू झाला की ऑक्टोबरात परत येत नाही, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. खर्च 35,000; 27 रात्रींचे 34,830. खोल्या बरोबरीत सुटतात, खाणावळीचं उरेल ते वर.

चार खोल्याच आधी भरा. बाकीच्यांत गाद्या उभ्या करून ठेवा आणि ऊन पडलं की खिडक्या उघडा, नाहीतर सप्टेंबरात बुरशीचा वास घालवण्यात पैसे जातील.

जाहिरातीत समुद्र नको. पावसाळ्यात किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा बंद असतात, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. सुरमई थाळी त्या भावात परवडणारच नाही. दर न पाडता दोन रात्रींवर एक जेवण फुकट द्या: कोंबडी-वडे, टाकळ्याची भाजी. त्याचा खर्च तुम्हाला दोघांमागे तीनेकशे येईल, पाहुण्याला मात्र तो मोठा वाटतो. नोंदवहीतले जुने फोन नंबर काढा आणि आंबोलीला निघालेल्यांना मुक्कामाला बोलवा.

जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत शुक्रवार ते रविवार मिळून बारा रात्री भरल्या नाहीत, तर पुढच्या आठवड्यापासून एकच मदतनीस बोलवा.