ग्राहकाच्या जोडकामाला नकार: उत्तरात काय लिहावे आणि काय टाळावे

प्रश्न: मी सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. आमच्या ग्राहक कंपनीतील व्यवस्थापकांनी त्यांच्या एका स्वतंत्र प्रकल्पाचे काम सुट्टीच्या दिवशी करून द्याल का, असे मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले आणि सोबत आराखड्याची फाइल पाठवली. फोनवर मी ‘बघू’ म्हणालो होतो. माझ्या नियुक्तिपत्रात कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरचे काम करण्यास मनाई आहे. ही अट कायद्यात टिकते का? आणि संबंध न बिघडवता नकार कसा कळवावा?

उत्तर: आधी अटीबद्दल. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, आणि त्याचा आधार घेऊन ‘अशा अटींना काही अर्थ नसतो’ असे अनेक जण सांगतात. हे कलम कर्मचाऱ्याच्या मदतीला येते ते मुख्यतः नोकरी सोडल्यानंतरच्या बंधनांविरुद्ध. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट सर्वसाधारणपणे व्यवसायबंदी मानली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये गोलिकारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे आपली अट टिकणारी आहे असे धरूनच चालावे. शिवाय आपल्या बाबतीत काम देऊ करणारी व्यक्ती कंपनीच्याच ग्राहकाकडची आहे. जे काम कंपनीकडे येऊ शकले असते ते आपण खासगीत घेतले, असा आक्षेप इथे सहज घेता येतो, आणि तो सुट्टीच्या दिवशी अन्य कोणासाठी केलेल्या कामावरील आक्षेपापेक्षा गंभीर असतो.

आता नकाराच्या शब्दांकडे येतो, कारण माझ्या मते खरी जोखीम तिथेच आहे. ‘सध्या वेळ नाही’ असे लिहू नये. ते खरे कारण नाही, आणि महिन्याभराने वेळ मिळाला का, अशी विचारणा होण्यास त्यातून वाव राहतो. ‘कंपनी सोडली की नक्की करू’ हे वाक्य त्याहून धोक्याचे आहे, कारण आपण नोकरीत असतानाच ग्राहकाला स्वतःकडे वळवत होतात याचा तो लेखी पुरावा ठरू शकतो. काम भावाच्या किंवा मित्राच्या नावावर करण्याचे सुचवणे, किंवा ‘पैसे नकोत, नुसता सल्ला देतो’ असे म्हणणे, हेही टाळावे. मनाईची अट बहुधा कामालाच लागू असते, मोबदल्यापुरती मर्यादित नसते. आपल्या अटीची शब्दरचना या दृष्टीने पुन्हा वाचावी. नियुक्तिपत्राचे पान किंवा कलम ग्राहकाला पाठवण्याचे मात्र काही कारण नाही. बंधन आहे, एवढे कळवणे पुरेसे आहे.

आपण तोंडी ‘बघू’ म्हणाला आहात. एवढ्याने करार होत नाही, पण समोरच्या व्यक्तीने तो होकार समजून पुढची आखणी केली असेल, तर नंतर वाद उद्भवू शकतो. म्हणून उत्तरात त्या संभाषणाचा उल्लेख करून ते मिटवावे. मी असा मजकूर सुचवीन:

‘नमस्कार. आपण माझ्यावर विश्वास दाखवून कामाबद्दल विचारलेत, याबद्दल आभारी आहे. माझ्या नोकरीच्या अटींनुसार मला बाहेरचे काम स्वीकारता येत नाही, त्यामुळे हे काम मी करू शकणार नाही. फोनवर मी ‘बघू’ म्हणालो होतो, तो होकार समजू नये, ही विनंती. आपण पाठवलेली फाइल मी उघडलेली नाही आणि ती माझ्याकडून काढून टाकली आहे. हे काम आमच्या कंपनीमार्फत करून घेण्याची आपली इच्छा असल्यास संबंधित व्यवस्थापकांशी आपली गाठ घालून देईन. चालू कामात माझे सहकार्य पूर्वीप्रमाणेच राहील.’

फाइलविषयीचे वाक्य वस्तुस्थितीला धरून लिहावे. ती उघडून पाहिली असेल तर ‘वरवर पाहिली, वापरलेली नाही’ असे लिहावे. नंतर उघडे पडलेले एक असत्य बाकीच्या प्रामाणिक मजकुरावरही संशय आणते. फाइल काढून टाकली तरी संदेश पुसू नयेत. उत्तर त्याच व्हॉट्सअ‍ॅप संभाषणात द्यावे आणि दोन्ही बाजूंचे संदेश तारखेसह जपून ठेवावेत.

राहिला प्रश्न कंपनीला कळवण्याचा. अशा प्रस्तावाची माहिती देणे नियुक्तिपत्राने किंवा आचारसंहितेने बंधनकारक केले असेल, तर पर्याय उरत नाही. तसे नसले तरी आपल्या वरिष्ठांना दोन ओळींचा ईमेल करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे: अमुक तारखेला विचारणा झाली, त्याच दिवशी किंवा अमुक दिवशी लेखी नकार दिला. त्यात ग्राहकाच्या हेतूबद्दल तर्क करू नये, कारण त्या व्यक्तीने गैर काही मागितले असेलच असे नाही. मात्र क्रम सांभाळावा: आधी नकार, मग लगेच हा ईमेल. नकार देण्याआधी कळवले तर आपण परवानगी मागत आहात असा अर्थ निघू शकतो, आणि बरेच दिवस थांबून कळवले तर मधल्या काळाचा खुलासा आपल्याला करावा लागेल.