मनात पाठ केलेलं बोलणं समोर गेल्यावर कुठं जातं?

प्रश्न : मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर टॅलीचं काम करते. पगार वाढवून मागायचा म्हणून आठ दिवस मनात सगळं बोलून बघितलं, ते काय म्हणतील, मग मी काय म्हणायचं, सगळं. आत गेले तर मालक म्हणाले, "बरं झालं आलीस, त्या पावत्यांचं काय झालं?" आणि मी पावत्यांचंच बोलून बाहेर आले. असं का होतं?

ताई, तुम्ही दोघांचे डायलॉग लिहिले आणि मालकांना त्यांचा कागद दिलाच नाही, मग ते बिचारे त्यांच्या मनातलंच बोलणार ना.

आता आत नेमकं काय झालं ते बघा. आठ दिवसांत तुमच्याकडे वीस-पंचवीस वाक्यं जमली, आणि ती विसरू नयेत म्हणून केबिनमध्ये शिरतानाही तुम्ही ती मनात घोळवत होता. एका वेळी डोक्यात धरून ठेवायची आपली जागा फार थोडी असते, ती सगळी त्या वाक्यांनी भरली, ऐकायला जागाच उरली नाही. पावत्यांचा विषय निघाला तेव्हा 'हो, त्याचं बघते, आणि माझंही एक बोलायचं होतं' एवढं म्हणायला दोन सेकंद पुरतात, पण त्या दोन सेकंदांत तुम्ही मनातल्या कागदावर पावत्यांची ओळ शोधत होता, आणि ती ओळ तिथं नव्हतीच.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांसमोर होणाऱ्या अँक्झायटीचं जे मॉडेल मांडलं, त्यात अशा सवयींना सेफ्टी बिहेवियर म्हटलंय. म्हणजे आपली फजिती होऊ नये म्हणून आपण जे गुपचूप करत राहतो ते. मनात वाक्य जुळवत बसणं हे त्यातलं अगदी नेहमीचं. गंमत म्हणजे त्यामुळंच माणूस समोरच्याला तुटक किंवा हरवलेला वाटतो, समोरचा मग थंड बोलतो, आणि आपल्याला वाटतं की बघा, मला जमतच नाही.

पुढच्या वेळी असं करा. आदल्या दिवशी दहा मिनिटं घ्या, घड्याळ लावून, आणि कागदावर तीनच गोष्टी लिहा. पहिलं वाक्य: "काका, माझ्या पगाराबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं, आत्ता चालेल का?" दुसरं, आकडा. समजा आत्ता ११,००० मिळतात आणि तुम्हाला १३,००० हवेत, तर १३,००० लिहा आणि शेजारी एक कारण, सीझनमध्ये सौद्यांच्या पट्ट्या आता मी एकटीच बघते वगैरे, जे खरं असेल ते. तिसरं, एकच 'जर-तर'. मालक लोकांचं ठरलेलं उत्तर म्हणजे "बघू", म्हणून 'बघू म्हणाले तर मी म्हणणार, मग पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला विचारते, चालेल?' हे जर-तरचं मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या कामातून आलंय. वेळ कुठली आणि ती आली की करायचं काय, ही जोडी आधीच बांधून ठेवली की ऐनवेळी विचार करावा लागत नाही. पण जोडी एखाद-दुसरीच, दहा बांधल्या की पुन्हा तोच गठ्ठा.

पहिलं वाक्य मोठ्यानं दोनदा म्हणा, कारण मनात गुळगुळीत वाटणारं वाक्य तोंडातून काढलं की कुठं अडतं ते लगेच कळतं. मग कागद ठेवून द्या. आत गेल्यावर मालकांच्या चेहऱ्याकडं आणि शब्दांकडं लक्ष द्या, कागद आठवायचा नाही. मधलं बोलणं वाकडंतिकडं होणार, होऊ दे, पेढीवर रोज तसंच बोलता की तुम्ही.

प्रश्न : माझा भाऊ पण फोन करायच्या आधी मनात बोलून बघतो आणि मस्त बोलतो. मी तेच केलं की माझी जास्तच तंतरते. (मिरज)

तेच करत नाही तुम्ही, वरून सारखं दिसतं एवढंच. भावाला एकदा विचारा की मनात त्याला काय दिसतं. बहुतेक तो सांगेल, समोरचा माणूस दिसतो, मी काय विचारणार ते दिसतं. आणि तुम्हाला बहुतेक तुम्हीच दिसत असाल, बाहेरून, व्हिडिओत दिसावं तसं, घाम आलेला, आवाज कापतोय.

हा फरक साधा नाही. २००३ मध्ये कोलेट हर्श आणि क्लार्क वगैरेंनी सोशल अँक्झायटी असलेल्या लोकांना दोनदा अनोळखी माणसाशी बोलायला लावलं, एकदा स्वतःचं नेहमीचं वाईट चित्र मनात धरून आणि एकदा जरा बरं चित्र धरून. वाईट चित्र धरल्यावर भीती तर वाढलीच, पण बाहेरून बघणाऱ्यालाही त्यांचं बोलणं कमी जमलेलं वाटलं. म्हणजे तुम्ही तंतरण्याचीच प्रॅक्टिस करताय. सराव करायचाच असेल तर स्वतःच्या डोळ्यांतून करा, हातात फोन आहे, पलीकडून हॅलो आलं, मी माझं नाव सांगितलं. स्वतःचा चेहरा दिसायला लागला की सराव तिथंच बंद.

आणि 'फोन एकदम भारी झाला' असा शेवट रंगवूनही फार हाती लागत नाही. १९९९ मध्ये फाम आणि टेलर यांनी परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांना चांगले मार्क पडल्याचं चित्र बघायला सांगितलं आणि काहींना अभ्यासाला बसल्याचं. मार्क जास्त पडले ते अभ्यासाचं चित्र बघणाऱ्यांना.

प्रश्न : जावेशी दिवाळीच्या खर्चाचं बोलायचंय. रात्री दोन वाजेपर्यंत मनात तिच्याशी भांडते. ही तयारीच ना?

नाही, ही काळजी आहे, तयारीचे कपडे घालून आलेली. ओळखायला सोपं आहे, तिसऱ्या फेरीत एक तरी नवीन वाक्य सुचलं का? आणि मनातली जाऊबाई कधी "बरं, चालेल" म्हणते का? दोन्हीला नाही असेल तर थांबा. अजून एक करून बघा, सुरू करताना भीतीला दहापैकी मार्क द्या आणि पंधरा मिनिटांनी परत द्या. तयारीनं आकडा थोडा तरी उतरतो किंवा निदान तेवढाच राहतो, काळजीनं चढतो. रात्री अंथरुणात तर अजिबात नको, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वीस मिनिटं द्या या काळजीला, खुर्चीत बसून. (जाऊबाई रात्री दोनला गाढ झोपलेल्या असतात हेही लक्षात ठेवा.)

प्रश्न : मग सराव सोडूनच देऊ का? (तासगाव, बीएस्सी)

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. सारखेच दोन फोन निवडा, दोन दुकानांत बेदाण्याचा भाव विचारा. पहिल्याला नेहमीसारखी सगळी वाक्यं जुळवा, दुसऱ्याला फक्त पहिलं वाक्य, बाकी पलीकडचा काय म्हणतो ते ऐकायचं. प्रत्येक फोननंतर दोनच गोष्टी लिहा, भीती दहापैकी किती आणि समोरच्यानं सांगितलेलं किती आठवतंय. क्लार्क यांच्या उपचारपद्धतीत अगदी असंच दोन्ही तऱ्हांनी बोलून बघायला लावतात. काहींना, विशेषतः ज्यांना फक्त सुरुवात करायलाच जड जातं त्यांना, पहिला प्रकारही चालून जातो, मग त्यांनी कशाला सोडायचा?

पण व्हायवा चुकवताय, भीतीपोटी कॉलेजच बुडतंय असं असेल तर फोनच्या प्रयोगावर थांबू नका, समुपदेशकाला भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथं फोन करायच्या आधीही एकच वाक्य ठरवा, "मला लोकांशी बोलायची भीती वाटते", पुढचं ते विचारतात.