B-26 की D-26? पट्टीवरचा कोड आणि टोपीखालचा वास

प्रश्न: चवथीच्या तोंडावर सिलिंडर आलाय, फोटो जोडला आहे. पट्टीवर B-26 आहे की D-26? B असेल तर सप्टेंबर २०२६ मध्ये तो एक्सपायर झालेला ना? टोपी काढल्यावर थोडा वासही येतोय. डिचोलीत राहतो, एजन्सी उद्या उघडेल. तोवर लावू का?

लावू नका. आधी वासाचं बघा, कोड नंतर.

रेग्युलेटर बसवलेला नसताना वास येतोय, म्हणजे गॅस व्हॉल्व्हमधल्या पिनपाशी सुटतोय. आतली रबरी रिंग खराब असती तर रेग्युलेटर लावल्यावर वास आला असता, कारण ती रिंग रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट बंद करते. रिंग एजन्सीचा माणूस जागेवर बदलून देतो. पिनची गळती असेल तर सिलिंडरच परत जातो. काडी किंवा स्क्रूड्रायव्हर घालून पिन हलवून बघायचा मोह होतो, तो टाळा.

दोरीने लटकणारी पांढरी टोपी व्हॉल्व्हवर ठेवून वरून दाबा, ‘टक्’ होऊन बसते. ही टोपी गळती थांबवण्यासाठीच असते. कित्येक घरांत दोरी कापून ती पहिल्याच दिवशी फेकून देतात, ते मला कधी समजलं नाही.

टोपी लावूनही वास राहिला, तर देवघरातली समई, अगरबत्ती आणि न्हाणीघराची चूल आधी विझवा. घरातलं एकही बटण दाबू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. ठिणगी दोन्ही वेळेस पडते. फ्रिजचा प्लगही ओढू नका. मेन स्विच घराबाहेर असेल तरच तिथून वीज तोडा. पावसामुळे खिडक्या लावलेल्या असतील तर उघडा, पण दारं महत्त्वाची. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, उंच खिडकीतून तो जात नाही. मागीलदार आणि पुढचं दार सताड उघडा आणि सिलिंडर उभाच धरून मोकळ्या जागी न्या. फोन बाहेर गेल्यावर करा, १९०६ वर. हा गॅसगळतीचा नंबर चोवीस तास चालतो, त्यामुळे एजन्सी बंद असल्याने अडत नाही. सूं असा आवाज येत असेल किंवा व्हॉल्व्हवर बर्फासारखं पांढरं धरलं असेल तर सिलिंडर उचलायच्या भानगडीत पडू नका. माणसं बाहेर काढा.

फोटोत जे सुरक्षेचं लेबल दिसतंय, त्यातली ‘उभा ठेवा’ ही सूचना लोक सगळ्यात कमी पाळतात. उभ्या सिलिंडरमध्ये व्हॉल्व्हपाशी वायू असतो. आडवा केला की तिथे द्रव येतो, आणि तो बाहेर पडून साधारण अडीचशे पट फुगतो. तीच फट, पण गळती कितीतरी मोठी.

आता कोड. वरच्या गोल कड्याला टाकीशी जोडणाऱ्या तीन पट्ट्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला तो रंगवलेला असतो. A म्हणजे मार्चअखेर, B जूनअखेर, C सप्टेंबरअखेर, D डिसेंबरअखेर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. तुमच्या फोटोत शेजारच्या पट्टीवर 16.4 आहे ते रिकाम्या सिलिंडरचं वजन. त्यात १४.२ किलो गॅस मिळवला की भरलेला ३०.६ किलो भरायला हवा. त्याचा मुदतीशी संबंध नाही.

अक्षराचं म्हणाल, तर स्टेन्सिलने रंगवताना मध्ये जोड सुटतात आणि रंग ओघळला की B आणि D सारखेच दिसतात. उजव्या कडेच्या मध्यावर बघा: B तिथे आत वळतो, D बाहेरच फुगलेला राहतो. फोटो मोठा करून पाहिला, तर मध्यावर खाच आहेसं वाटतं, म्हणजे B. पण फ्लॅशची चकाकी नेमकी तिथेच आली आहे, त्यामुळे पैजेवर सांगणार नाही. सिलिंडर अंगणात नेल्यावर पट्टी कोरड्या फडक्याने पुसा आणि वास नसेल तेव्हाच, फ्लॅशशिवाय, दिवसाउजेडी दुसरा फोटो काढा. सेल्फीचा कॅमेरा नको, त्यात अक्षरं उलटी येऊ शकतात.

B निघाला तरी आतला गॅस खराब झालेला नसतो आणि १ जुलैला सिलिंडर फुटतही नाही. ती टाकीच्या दाबचाचणीची तारीख आहे. नवी टाकी दहा वर्षांनी तपासतात, मग दर पाच वर्षांनी. पण मुदत उलटलेला सिलिंडर भरून पाठवायलाच नको होता, म्हणून एजन्सीला तो बदलून द्यावाच लागेल. आणि D निघाला तरी तुमचा हा सिलिंडर परतच द्यायचा, पिनच्या गळतीसाठी. तक्रारीत दोन्ही कारणं वेगवेगळी लिहा, नाहीतर रिंग बदलून तोच तुमच्या गळ्यात मारतील.