सोडूनि द्यावें : ‘नि’ लघू कसा?

“आई, मनाच्या श्लोकांच्या खुणा करत होतो. ‘जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें’ यात ‘द्या’ जोडाक्षर आहे म्हणून ‘नि’ गुरू धरला, तर भुजंगप्रयात मोडतंय. समर्थांचं चुकलं की माझं?”

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

दोघांचेही चुकलेले नाही. तू पुस्तकातला नियम जसाच्या तसा लावलास आणि रामदासांनी मराठी जशी कानावर पडते तशी योजली. तुझी ओळ नेमकी तिथे अडली आहे जिथे संस्कृताचा नियम आणि मराठीचा उच्चार एकमेकांपासून वेगळे होतात. म्हणून आधी जी ओळ सरळ बसते ती पाहू आणि मग अडलेल्या ओळीकडे येऊ.

भुजंगप्रयाताच्या प्रत्येक चरणात बारा अक्षरे असतात आणि ‘य’ गण चार वेळा येतो. ‘यमाता’ म्हणजे एक लघू आणि दोन गुरू, म्हणून चरणाची चाल लगागा लगागा लगागा लगागा अशी होते. त्याच श्लोकाचा पहिला चरण तोडून लिही:

म ना स | ज्ज ना भ | क्ति पं थे | चि जा वें

इथे पुष्कळ मुले ‘ज्ज’ आणि ‘क्ति’ यांच्यावर गुरूची खूण करतात, कारण ती अक्षरे दिसायला जड असतात. पण ‘ज्ज’ मधला स्वर अ आणि ‘क्ति’ मधला इ, दोन्ही ऱ्हस्वच आहेत, तेव्हा ती अक्षरे लघूच राहतात. जोडाक्षराचा भार पडतो तो मागच्या अक्षरावर. सावकाश म्हणून बघ: ‘सज्-जना’, ‘भक्-ति’. ‘स’ म्हटल्यावर जीभ क्षणभर ‘ज्’ वर थांबते आणि त्या थांबण्याने ‘स’ लांबतो, म्हणून गुरू होतो ‘स’. ‘पं’ गुरू आहे, कारण त्यावरचा अनुस्वार खणखणीत उच्चारला जातो. ‘तें’, ‘जावें’, ‘जनीं’ यांच्यावरचे अनुस्वार जुन्या लेखनातले आहेत. ते आज कोणी लिहीत नाही आणि ते काढले तरी खुणा बदलत नाहीत, कारण ते स्वर मुळातच दीर्घ आहेत.

आता तुझी ओळ:

ज नीं निं | द्य तें स | र्व सो डू | नि द्या वें

पहिले तीन गण बिनतक्रार बसतात. चौथ्यात तू ‘नि’ गुरू धरलास, तर तिन्ही अक्षरे गुरू होतात आणि ‘य’ च्या जागी ‘म’ गण पडतो. पण खूण करण्यापूर्वी ओळ मोठ्याने म्हण. ‘पद्य’ हा शब्द उच्चारताना आपण ‘पद्-द्य’ असे म्हणतो आणि ‘प’ वर ठोका बसतो. ‘सोडूनि द्यावें’ म्हणताना कोणी ‘सोडूनिद्-द्यावें’ म्हणत नाही. ‘नि’ पाशी शब्द संपतो, ‘द्या’ नव्याने आणि हलका सुरू होतो, आणि मागच्या अक्षराला त्याचा धक्का लागत नाही. मराठी छंदःशास्त्राचा नियम असा आहे की जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तरच ते गुरू धरावे. ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘पुन्हा’ यांतली पहिली अक्षरे याच कारणाने लघू राहतात. तेव्हा ‘नि’ लघू, ‘द्यावें’ चे दोन गुरू, आणि लगागा पूर्ण.

संस्कृतात मात्र ही सूट नाही. आजी श्रावणात रुद्राष्टक म्हणते ना, तेही भुजंगप्रयातच आहे. त्यातला ‘विभुं व्यापकं ब्रह्म वेदस्वरूपम्’ हा चरण तोडून बघ: वि भुं व्या | प कं ब्र | ह्म वे द | स्व रू पम्. तिसऱ्या गणाच्या शेवटी ‘द’ आहे. त्याचा स्वर ऱ्हस्व, पण पुढे ‘स्व’ आल्यामुळे तो गुरू होतो आणि तसा झाला तरच चरण बसतो. आजीला विचारलेस तर ती ‘वेदस्-वरूपम्’ असेच म्हणून दाखवील. एकाच वृत्तात जोडाक्षराच्या मागचे एक अक्षर गुरू होते आणि दुसरे लघू राहते, याचा उलगडा कागदाकडे पाहून होत नाही, त्यासाठी ओळ मोठ्याने म्हणावी लागते.

तू बेळगावात राहतोस आणि शाळेत कन्नडही शिकतोस, म्हणून एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. कन्नडच्या तासाला बाई प्रस्तार घालायला लावतात तेव्हा खुणा याच असतात आणि ‘यमाताराजभानसलगं’ हेच सूत्रही असते. पण जोडाक्षर असूनही मागच्या अक्षराला भार न देणाऱ्या जोडणीला कन्नड व्याकरणकारांनी स्वतंत्र नाव दिले आहे: शिथिलद्वित्व. तेराव्या शतकातल्या केशिराजाने ‘शब्दमणिदर्पण’ या व्याकरणात त्याची चर्चा केली आहे. कन्नडमध्ये ते विशेषतः र, ल, ळ यांच्या जोडणीत आढळते, म्हणजे आपल्या ‘द्या’ सारखे हुबेहूब नव्हे, पण मर्म एकच आहे. संस्कृताचा साचा देशी भाषेवर घातला की तिचा उच्चार कुठेतरी आपली जागा मागतो. मला हे फार मोलाचे वाटते की तुला त्याची दोन उदाहरणे दोन घरच्या भाषांत मिळतात.

एका बाबतीत मात्र कन्नडची सवय मराठीत आणू नकोस. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, त्यामुळे तिथे ऱ्हस्व ‘ए’ लघू धरतात. मराठी वृत्तात ए आणि ओ नेहमी गुरूच असतात, बोलताना ते कितीही आखूड उच्चारले गेले तरी. ‘पंथेचि’ मधला ‘थे’ घाईत निसटता वाटतो, पण खूण गुरूचीच करायची.

आघाताची ही सूट हाताशी आली म्हणून ती वाटेल तिथे वापरायची नसते. आधी कडक नियमाने सगळ्या खुणा कर. एखादेच अक्षर अडले आणि त्याच्यापुढे जोडाक्षर असेल, तर ओळ म्हणून बघ आणि ठोका लागत नसेल तर ते लघू कर. अडलेल्या अक्षरापुढे जोडाक्षरच नसेल, तर दोष बहुधा छापलेल्या पाठात असतो. पहिल्या श्लोकाचा शेवटचा चरण ‘गमूं पंथ आनंत या राघवाचा’ असा आहे. एखाद्याने शुद्धलेखन सुधारण्याच्या भरात तिथे ‘अनंत’ छापले, तर अक्षरे बाराच भरतील, पण दुसरा गण ‘थ अ नं’ म्हणजे ललगा होईल. इथे सूट चालत नाही, कारण ती गुरूचा लघू करते आणि इथे लघूचा गुरू हवा आहे, त्यासाठी पुढे जोडाक्षर नाही. समर्थांनी वृत्तासाठी ‘अ’ चा ‘आ’ केला आहे आणि तो तसाच ठेवला की ‘थ आ नं’ हा गण नीट बसतो. तुझ्या पुस्तकात कोणते रूप छापले आहे ते बघून मला कळव, आणि त्या श्लोकाच्या चारही चरणांच्या खुणा करून वहीचे पान पाठव.

तुझी,
आई